जुना फोटो जिथून काढला, नेमकी ती जागा कशी शोधायची

एकाच रस्त्याच्या जुन्या फोटोचा अर्धा भाग आणि आजच्या फोटोचा अर्धा भाग जोडून केलेली ‘तेव्हा आणि आता’ चित्रं तुम्ही पाहिली असतील. नीट जमलेल्या चित्रात एखादा सज्जा डावीकडे काळा-पांढरा सुरू होतो, सांध्यापाशी रंगीत होतो आणि त्याच रेषेत पुढे जातो. न जमलेल्या चित्रात तोच सज्जा सांध्यावर तुटतो, मागचा मनोरा अर्ध्या खिडकीएवढा बाजूला सरकलेला असतो. मग माणूस संगणकावर बसून फोटो ताणतो, वाकवतो, लहान-मोठा करतो. मनोरा जुळवला की सज्जा सुटतो, सज्जा जुळवला की मनोरा सुटतो. अशी ओढाताण सुरू झाली की समजावं, चूक संगणकावरची नाही. नवा फोटो काढताना आपण चुकीच्या जागी उभे होतो.

असं का होतं ते घरबसल्या बघता येतं. एक डोळा मिटा. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या मागे, हात लांब करून धरा. आता डोकं जरासं उजवीकडे न्या. जवळचं बोट लांबच्या बोटाच्या तुलनेत डावीकडे सरकलेलं दिसेल. डोकं जागेवर ठेवून नुसती मान वळवली, तर दोन्ही बोटांचं एकमेकांशी असलेलं नातं जवळपास तसंच राहतं. कॅमेऱ्याचंही हेच आहे. कॅमेरा फिरवला, झूम केला, फोटो कापला, तरी जवळच्या आणि लांबच्या वस्तूंची आपसातली मांडणी बदलत नाही. ती बदलते फक्त कॅमेऱ्याची जागा बदलली की. याला पॅरलॅक्स म्हणतात. संपादनाच्या कुठल्याही अवजाराने तो दुरुस्त होत नाही, कारण जवळच्या भिंतीमागे काय झाकलं गेलं आणि काय उघडं राहिलं हे फोटो काढताना ठरून गेलेलं असतं.

म्हणून बहुतेक मेहनत जागा शोधण्यात जाते, आणि ती जायलाच हवी. लेन्स कुठली होती याची चिंता त्यामानाने फार करू नका. जुन्या फोटोपेक्षा थोडं जास्त दृश्य येईल असा फोटो काढायचा आणि नंतर कापायचा. मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स मात्र शक्यतो टाळा. तिच्यात कडेच्या इमारती ताणल्यासारख्या येतात आणि जुळवताना त्रास देतात. नेहमीची मुख्य लेन्स बरी.

जागा शोधण्याची सगळी गोष्ट एका रेषेवर उभी आहे. जुन्या फोटोत जवळच्या इमारतीची उभी कडा मागच्या एखाद्या वस्तूवर नेमकी कुठे पडते ते बघा. समजा, ती मागच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या डाव्या काठाला अगदी चिकटली आहे. म्हणजे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा, ती कडा आणि घड्याळाचा डावा काठ हे तिन्ही एका सरळ रेषेत होते. नकाशावर मनोऱ्यापासून त्या कडेपर्यंत पट्टीने रेघ ओढा आणि ती रस्त्यावर पुढे वाढवा. कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी होता. आता फोटोच्या दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधा आणि तिचीही रेघ ओढा. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ट्रायपॉड उभा होता. दोन्ही रेघांमध्ये चांगला कोन हवा. त्या जवळजवळ समांतर असतील, तर छेदबिंदू कित्येक मीटर पुढे-मागे सरकू शकतो.

रेघा ओढण्याआधी एक खात्री करून घ्यावी: फोटो उलटा तर नाही ना? जुन्या काचेच्या निगेटिव्ह कधीकधी चुकीच्या बाजूने छापल्या जात, आणि डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट उमटवलेले सुरुवातीच्या काळातले फोटो, तर मुळातच आरशातल्यासारखे उलटे असत. पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा, ही पद्धत शोधणाऱ्या डॅगेरने 1838 मध्ये टिपलेला प्रसिद्ध फोटोही तसाच डावा-उजवा उलटलेला आहे. दुकानाची पाटी वाचून पाहिली की लगेच कळतं. पाटी नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणं बघावीत.

आता मी स्वतः केलेलं एक चित्र पायरीपायरीने सांगतो. जुन्या फोटोत डावीकडे जवळ तीन मजली कोपऱ्याची इमारत, तिला लाकडी सज्जा. रस्ता सरळ मागे जातो आणि टोकाला घड्याळाचा मनोरा. उजवीकडे अगदी जवळ दिव्याचा खांब आणि त्याच्यामागे दुकानांची रांग. इमारत, मनोरा, दुकानं आणि खांब, चारही गोष्टी आजही आहेत. मला वाटलं, काम सोपं आहे. डावी जोडी इमारतीची कडा आणि घड्याळ, उजवी जोडी खांब आणि मागच्या दुकानाची कमान. दोन रेघा ओढल्या, छेदबिंदूवर जाऊन फोटो काढला आणि स्क्रीनवर जुन्याशेजारी ठेवला. कडा घड्याळाशी बऱ्यापैकी जुळली, खांब कमानीशी जुळला, पण कोपऱ्याची इमारत मनोऱ्याच्या मानाने लहान दिसत होती.

इथे उपयोगी पडते ती पट्टी. 1977 ते 1979 या काळात छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात, एकोणिसाव्या शतकात टिपलेल्या शंभराहून अधिक जागांचे फोटो पुन्हा त्याच ठिकाणांहून काढले. ते जागेवरच झटपट फोटोचा कागद काढत आणि जुन्या प्रतीवरची अंतरं व नव्यावरची अंतरं पट्टीने ताडून पाहत. मीही तेच केलं. जुन्या छापील प्रतीवर कोपऱ्याच्या इमारतीची उभी कडा, पहिल्या मजल्याच्या पट्ट्यापासून छताच्या काठापर्यंत, 60 मिलिमीटर भरली. मनोरा त्याच्या सज्जापासून टोकापर्यंत 30 मिलिमीटर भरला. गुणोत्तर 2. माझ्या फोटोत तीच मापं 1400 आणि 800 पिक्सेल होती, म्हणजे गुणोत्तर 1.75. मिलिमीटर आणि पिक्सेल वेगळे असले तरी बिघडत नाही, कारण एकाच फोटोतल्या दोन मापांचा भागाकार केला की एकक निघून जातं. फोटो लहान छापला की मोठा, झूम किती होता, हेही सगळं निघून जातं. उरते ती फक्त जागा.

वस्तू जितकी लांब तितकी ती लहान दिसते, दुप्पट लांब तर निम्मी. त्यामुळे या दोन गुणोत्तरांवरून मी किती मागे उभा होतो ते काढता येतं. मी उभा होतो तिथून इमारतीची कडा 24 मीटर होती, आणि कडेपासून मनोरा आणखी 60 मीटर मागे. म्हणजे मनोरा कडेच्या साडेतीन पट लांब होता, आणि त्या जागेवरून गुणोत्तर 1.75 दिसत होतं. मला हवं होतं 2. साडेतीनाला 1.75, तर किती पटीला 2? चार पटीला. मनोरा कडेच्या चौपट लांब कधी होईल? कडा 20 मीटरवर असेल तेव्हा, कारण 20 अधिक 60 म्हणजे 80. म्हणजे मी 4 मीटर जास्त मागे उभा होतो. चार मीटर हा काही छोटा फरक नाही, आणि संगणकावर फोटो कितीही ताणून तो भरून निघाला नसता.

मग दोन रेघांनी मला फसवलं कसं? चार मीटर पुढे सरकल्यावर खांब कमानीवरून साफ बाजूला गेला. इमारत आणि मनोरा एक सांगत होते, खांब दुसरंच सांगत होता. जुना फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा खांबाचा पाया दुकानाच्या पायरीच्या रेषेत दिसला. आज तो तिथून बराच पुढे, रुंद केलेल्या फूटपाथच्या काठावर उभा आहे. खांब तोच होता, जागा बदलली होती. तेव्हापासून मी खांब, पाट्या, झाडं, फूटपाथचा काठ यांना साक्षीदार धरत नाही. भिंतींचे कोपरे, छताचे काठ, दगडी चौकटी यांच्यावर विश्वास ठेवावा, आणि त्याही किमान तीन जोड्या घ्याव्यात. दोन जोड्या कुठेतरी छेदणारच, त्यातली एक खोटी असली तरी. तिसरी जोडी चुगली करते.

पुढे आल्यावर डावी जोडी पुन्हा तपासली, कारण पुढे येताना माणूस नकळत बाजूलाही सरकतो. जुन्या फोटोत घड्याळ पूर्ण दिसत होतं. माझ्या फोटोत इमारतीच्या कडेने त्याचा बराच भाग झाकला होता. मनोऱ्यावर मोजलं तर कडा सुमारे दीड मीटर उजवीकडे आली होती. इथे एक साधा हिशेब कामी येतो. कडा 20 मीटरवर, आणि तिच्या मागे मनोरा 60 मीटरवर, म्हणजे तिप्पट. म्हणून मी एक मीटर बाजूला सरकलो की कडा मनोऱ्यावरून तीन मीटर सरकते. दीड मीटरची चूक दुरुस्त करायला मला फक्त अर्धा मीटर सरकायचं होतं. दिशा बोटांच्या प्रयोगावरून आठवावी: जवळची कडा डावीकडे न्यायची असेल तर आपण उजवीकडे जायचं. अर्धा मीटर उजवीकडे सरकलो आणि घड्याळ पूर्ण उघडं झालं.

याच हिशेबावरून किती काटेकोर राहायचं तेही कळतं. याच जागी पाच सेंटिमीटरची चूक राहिली, तर मनोऱ्यावर पंधरा सेंटिमीटरचा फरक पडेल. दोन हजार पिक्सेल रुंदीच्या साधारण फोटोत तो तीनेक पिक्सेल होतो, तिथे थांबायला हरकत नाही. पण कॅमेऱ्यापासून जवळची वस्तू पाच मीटरवर आणि मागची साठ मीटरवर असेल, तर एका मीटरला अकरा मीटर सरकतात. अशा फोटोत वीतभर हलणंही दिसतं.

राहिली उंची. ती लोक विसरतात, कारण आपण रस्त्यावर उभे म्हणजे कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर असं गृहीत धरलं जातं. जुना फोटो पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला असू शकतो. ओळखायचं असं: रस्त्यालगतच्या इमारतीच्या खिडक्यांचे उंबरे, सज्जे, छताचे काठ यांच्या लांब जाणाऱ्या रेषा पट्टीने पुढे वाढवा. वरच्या रेषा खाली उतरतात, खालच्या वर चढतात आणि सगळ्या एका बिंदूपाशी मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ ओढा. ही रेघ ज्या ज्या वस्तूला छेदते, तिथे ती वस्तू कॅमेऱ्याच्या उंचीएवढी असते. सपाट रस्त्यावर रेघ उभ्या माणसांच्या डोक्यांतून गेली, तर कॅमेरा माणसाच्या उंचीवर होता. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून, समोरच्या पहिल्या मजल्याच्या उंबऱ्यातून जात असेल, तर वर कुठेतरी चढावं लागेल.

माझ्या चित्रात रेघ माणसांच्या छातीतून जात होती, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर जरा खाली होता. मी तेवढीच उंची लावली. तरीही आडवी जोडी जुळेना. जुन्या फोटोत सज्जाच्या तळाची रेषा मनोऱ्यावर एका खिडकीच्या खालच्या काठाला भिडत होती, माझ्या फोटोत ती साठ सेंटिमीटर खाली होती. उंचीलाही तोच तिप्पटीचा हिशेब लागतो: कॅमेरा वर गेला की जवळची आडवी रेषा मागच्या भिंतीवर तिप्पट खाली उतरते. म्हणजे माझा कॅमेरा वीस सेंटिमीटर उंच होता. पण मी तर मोजून लावला होता! उत्तर कोपऱ्याच्या इमारतीच्या दारात सापडलं. जुन्या फोटोत दाराला तीन पायऱ्या आहेत, आज दोनच दिसतात. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेले आणि एक पायरी रस्त्याखाली गेली. इमारत होती तिथेच आहे, जमीन वर आली. ट्रायपॉड वीस सेंटिमीटर खाली घेतला आणि सगळं बसलं. ती गाडली गेलेली पायरी सापडली तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

फोटो काढताना कॅमेरा समपातळीत ठेवा, वर करू नका. मनोऱ्याचं टोक घ्यायला आपण मोबाइल वर उचलतो आणि इमारती मागे कलल्यासारख्या दिसतात. जुन्या कॅमेऱ्यांत कॅमेरा सरळ ठेवून लेन्स तेवढी वर सरकवता येई, म्हणून त्या फोटोंत इमारती उंच असूनही ताठ दिसतात. आपण तोच परिणाम दुसऱ्या वाटेने मिळवतो: कॅमेरा सरळ, दृश्य मोठं, आणि खालचा रस्त्याचा नको असलेला भाग नंतर कापायचा. ऋतू आणि वेळ जमवता आली तर उत्तमच. जुन्या फोटोतल्या सावल्यांची टोकं भिंतीवर कुठे पडली आहेत ते बघून वाट पाहायची. मला ते त्या दिवशी जमलं नाही.

कधीकधी मूळ जागा मिळतच नाही. तिथे आता इमारत असते किंवा ती जागा धावत्या रस्त्याच्या मधोमध आलेली असते. रहदारीत उभं राहून फोटो काढू नये. अशा वेळी चित्रातली सगळ्यात महत्त्वाची जोडी निवडा आणि तिच्या रेघेवर जमेल तितकं पुढे किंवा मागे उभे राहा. ती जोडी जुळेल, बाकीच्यांचे आकार थोडे चुकतील. सांधा त्या जोडीजवळून नेला की चूक कमी दिसते.

संगणकावरचं काम आता थोडंसंच उरतं. जुना फोटो सपाट स्कॅन केलेला हवा. पुस्तकाच्या घडीतून मोबाइलने काढलेला नको, कारण तो आधीच वाकलेला असतो. `GIMP` मध्ये जुना फोटो खालच्या लेयरवर आणि नवा वरच्या लेयरवर ठेवा. वरच्याची `Opacity` पन्नास टक्के करा. जुन्या फोटोला हात लावू नका, नवाच हलवा. आधी मनोऱ्याचं टोक टोकावर आणा, मग कोपऱ्याच्या इमारतीच्या पायथ्याशी दुसरा बिंदू जुळेपर्यंत नवा फोटो लहान-मोठा करा आणि किंचित फिरवा. जागा बरोबर असेल तर एवढ्यात बाकीचे बिंदू आपोआप येऊन बसतात. कॅमेरा जरा कलला असेल तर `Perspective` अवजाराने चार कोपरे थोडे हलवावे लागतात. तेही पुरत नसेल, तर पुन्हा त्या रस्त्यावर जाण्याला पर्याय नाही.

आता सांधा कुठून न्यायचा. आकाशातून किंवा झाडाच्या गर्दीतून नेला तर चूक लपते, पण बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी सांधा मुद्दाम दोन्ही काळांत टिकलेल्या सलग रेषेवरून नेतो, इथे सज्जाच्या कठड्यावरून. काळा-पांढरा कठडा सरळ रंगीत कठडा होतो, आणि मग बाकीचे बदल खरे आहेत हे डोळ्यांना पटतं. सांधा स्वच्छ कापलेला ठेवावा. दोन्ही फोटो एकमेकांत विरघळवले तर मधल्या पट्ट्यात अर्धवट माणसं आणि दुहेरी खिडक्या उमटतात. नव्या फोटोला जुनाट पिवळट रंगही देऊ नये.

रंगांबद्दल एवढं लक्षात असू द्या की जुन्या काचेच्या प्लेट्स निळ्या प्रकाशाला फार आणि लाल प्रकाशाला जवळजवळ काहीच दाद देत नसत. त्यामुळे निळं आकाश पांढरं फटक येई आणि लाल विटांची भिंत काळपट. नव्या फोटोत तीच भिंत उजळ दिसली म्हणून ती नंतर रंगवली असं ठरवू नका. नव्या फोटोचा फक्त निळा चॅनल काळ्या-पांढऱ्यात पाहिला की तीच भिंत पुन्हा गडद होते. रस्ता रिकामा दिसतो त्याचंही तसंच: सुरुवातीच्या फोटोंना मिनिटं लागत, चालणारी माणसं उमटतच नसत. डॅगेरच्या त्या 1838 च्या फोटोत वर्दळीचा रस्ता ओसाड दिसतो, आणि बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा राहिलेला एक माणूस मात्र टिपला गेला आहे.

माझं चित्र जुळल्यावर खांब मात्र दोन दिसू लागले, एक जुना आणि एक नवा. आता कॅमेऱ्याची जागा पक्की होती, म्हणून जुन्या खांबाची रेघ नकाशावर ओढता आली. ती दुकानाच्या पायरीला जिथे भिडली, तिथे फरशीत सिमेंटने बुजवलेला एक गोल डाग आहे. आणखी एक सांधा मी त्या दोन खांबांच्या मधून नेला.